देवगांडुळाचे वर्गीकरण

देवगांडूळ हा पाय नसलेला उभयचर प्राणी आहे. अनोळखी प्राण्याला वर्गीकरणात जागा कशी मिळते, हे समजून घ्यायला तो उत्तम, कारण पहिल्या नजरेत तो हमखास फसवतो. पावसाळ्यात आंबोलीसारख्या ठिकाणी दगड उलटला की खाली लालसर-करडा, वळ्यावळ्यांचा लांबट प्राणी सापडतो. कोणी त्याला गांडूळ म्हणते, तर कोणी साप समजून ठेचते.

वर्गीकरणातले गट डब्यात डबा बसावा तसे एकात एक असतात: संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती. (वर्तमानपत्रे जातीलाच सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो.) म्हणून ओळखही बाहेरच्या मोठ्या डब्यापासून सुरू करावी.

आधी तोंड पाहावे. गांडुळाला जबडा नसतो. देवगांडुळाला दात असलेला जबडा आणि पाठीचा कणा असतो. म्हणजे अंगावर गांडुळासारखी वळी असली, तरी हा प्राणी पृष्ठवंशी.

मग तो साप का नाही? पाय नसणे हा इथे पुरावा धरता येत नाही. सापांनी, काही सरड्यांनी आणि देवगांडुळांनी पाय स्वतंत्रपणे गमावले आहेत. खवलेही दगा देतात, कारण काही देवगांडुळांच्या त्वचेच्या घड्यांत बारीक खवले दडलेले असतात. गांडुळासारख्या दिसणाऱ्या वाळा सापाचे खवले मात्र बाहेरून एकावर एक बसलेले आणि कोरडे असतात. देवगांडुळाची कातडी ओलसर, बुळबुळीत असते. भिंगातून पाहिल्यास डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक बारीक स्पर्शिका दिसते. ती दिसली की शंका उरत नाही, कारण आपल्याकडच्या कोणत्याही सापाला किंवा बेडकाला ती नसते.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये या प्राण्यांना सापांतच बसवले होते. 1831 मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयातल्या एका पिल्लाच्या मानेवर कल्ल्यांची छिद्रे असल्याचे नोंदवले. सापाच्या पिल्लाला कल्ले नसतात. त्यामुळे देवगांडुळांची जागा बेडूक आणि सॅलॅमँडर यांच्या शेजारी, उभयचर वर्गात ठरली. त्यांच्या गणाचे नाव मात्र जिम्नोफायोना, म्हणजे ‘उघडे साप’, असेच राहिले.

पुढच्या पायऱ्या अवघड आहेत. टोकाला इवलीशी शेपटी असेल आणि डोळा कातडीखाली ठिपक्यासारखा दिसत असेल, तर इक्थिओफिस प्रजातीचा विचार करावा. शेपटी अजिबात नसेल आणि डोळा हाडाखाली झाकलेला असेल, तर गेजेनिओफिसचा. आंबोलीच्या नमुन्यांवरून 2003 मध्ये वर्णन झालेली गेजेनिओफिस डॅनिएली ही जाती याच प्रजातीतली. जाती ठरवताना अंगावरची वळी मोजतात. त्यातही मुख्य वळी वेगळी आणि त्यांना मधून छेदणारी दुय्यम वळी वेगळी मोजावी लागतात. नुसत्या फोटोवरून हे बहुधा जमत नाही, म्हणून अशा नोंदीत प्रजातीपाशीच थांबणे रास्त.