डिस्कवर जागा असणं वेगळं आणि डिस्कला झेपणं वेगळं

लॅबच्या सर्व्हरवर किती गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बसतील विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, दोन टीबीची डिस्क, एका गेस्टला 50 जीबी, म्हणजे 40 बसतात की. हे वाचून वाचून वैताग आलाय खरंच.

रॅम आणि कोअर पटकन उरकतो. 64 जीबी रॅम धरा, होस्टला 6 ठेवले, उरले 58, विंडोज गेस्टला 4 दिले तर 14 गेस्ट. रॅम आहे त्यापेक्षा जास्त वाटू नका, स्वॅप सुरू झालं की तो भारही डिस्कवरच येतो. कोअर मात्र आलटून पालटून वापरले जातात, त्यामुळे टायपिंग-एक्सेलच्या वर्गाला एका कोअरमागे तीन-चार व्हर्च्युअल सीपीयू चालून जातात. 14 गेस्टना दोन-दोन दिले तर झाले 28, आठ कोअरना जमतंय. (थ्रेड 16 दिसतात म्हणून 16 कोअर आहेत असं सांगत फिरू नका.)

आता डिस्क. जागा म्हणजे किती मावतं, आणि लोड म्हणजे सेकंदाला किती छोटी छोटी कामं उरकतात, या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 7200 आरपीएमची हार्ड डिस्क इकडेतिकडे विखुरलेली कामं सेकंदाला 80च्या आसपास करते, मग ती एक टीबीची असो नाहीतर आठची. दोन डिस्क मिररला लावल्या तर वाचणं 160 पर्यंत जातं पण लिहिणं 80च राहतं, कारण प्रत्येक गोष्ट दोन्हीकडे लिहावी लागते.

वर्ग भरतो आणि 14 जण एकदमच मशीन सुरू करतात. एका गेस्टला बूट व्हायला दहा हजार वाचनं लागतात असं धरा, मग 14 जणांची झाली 1,40,000, भागिले 160, म्हणजे पंधरा मिनिटं सगळे गोल फिरणारं चक्र बघत बसणार. आणि सर्व्हरवर बघावं तर सीपीयू निवांत, रॅम शिल्लक, मग कोणीतरी म्हणतं रॅम वाढवा. आधी हे चालवा:

```
iostat -x 5
```

`r_await` आणि `w_await` बघा, म्हणजे एका वाचण्याला आणि एका लिहिण्याला सरासरी किती वेळ थांबावं लागतं ते. हार्ड डिस्कवर दहा-पंधरा मिलिसेकंद ठीक, शेकड्यात गेले की रांग लागलीये समजा. `%util` 100 दिसलं तर हार्ड डिस्कपुरतं खरं माना, एसएसडीवर तो आकडा फसवतो, ती एकाच वेळी बरीच कामं घेते.

बूट झाल्यावरही एका गेस्टची सेकंदाला दहा-बारा कामं, तीही बहुतेक लिहिण्याची, धरली तर 80 मध्ये सहा ते आठच बसतात, 40 नाही आणि 14ही नाही. एकाच मूळ डिस्कवर सगळे गेस्ट उभे करणाऱ्या लिंक्ड क्लोनने जागा वाचते, लिहिण्याचा भार तेवढाच राहतो. माझं मत विचाराल तर गेस्टच्या डिस्क सरळ एसएसडीवर टाका, साधी साटाची सुद्धा सेकंदाला हजारोंनी कामं उरकते, मग आकडा परत रॅमचा, 14. एसएसडी येईपर्यंत गेस्ट वर्गाआधीच तीस-तीस सेकंदांच्या अंतराने ऑटोस्टार्टला लावा आणि विंडोज अपडेट रात्री, तेही सगळ्यांचं एकाच वेळी नको.