पॉवर ऑफ अटर्नी: सहीआधी इंग्रजी कलमं मराठीत वाचा

आमच्या फोंड्याच्या कार्यालयात लोक मुखत्यारपत्र घेऊन येतात तेव्हा बहुतेकांची त्यावर आधीच सही झालेली असते. नोटरीचा लाल शिक्काही बसलेला असतो. मग विचारतात, "यात काय लिहिलंय ते जरा मराठीत सांगा." क्रम उलटा झाला, पण दोष त्यांचा नाही. आठ पानांचं इंग्रजी, त्यात एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. जुन्या पोर्तुगीज कागदांतलं 'प्रोकुरासांव' असो की आजची 'पॉवर', मुळात ते एकच आहे: माझ्या जागी अमुक माणूस अमुक कामं करील, असं लिहून देणं. सगळा प्रश्न त्या दुसऱ्या 'अमुक'चा.

आम्ही भाषांतर करतो आणि मसुदा टाइप करून देतो. वकिली करत नाही. जमिनीवर वाद असेल तर आधी वकील गाठा, मग आमच्याकडे या.

समजावायला एक उदाहरण घेऊ. मडकईला वडिलांची जमीन आहे. वडील गेले, वारसाचे कागद झाले, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर दोन भावांची नावं चढली. धाकटा दुबईला नोकरीला. त्या जमिनीतला आठशे चौरस मीटरचा तुकडा विकायचा दोघांनी ठरवला आणि धाकट्याने थोरल्याला पॉवर द्यायचं ठरलं. ओळखीच्या कुणीतरी जुना मसुदा दिला, नाव-गाव बदललं की झालं. तो मसुदा आता कलम कलम वाचू.

सुरुवात असते 'नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स'ने. प्रेझेंट्स म्हणजे भेटवस्तू नव्हे, 'हा लेख'. अर्थ एवढाच की 'या लेखाने सर्वांस कळावे'. अधिकार काहीच मिळत नाही, मनावर घेऊ नका.

त्यानंतर 'व्हेअरॲज'ने सुरू होणारे दोन-तीन परिच्छेद येतात. 'ज्याअर्थी मी परदेशी राहतो, ज्याअर्थी मला स्वतः हजर राहणे शक्य नाही...' हा भाग लोक वाचत नाहीत, पण तो महत्त्वाचा आहे. मुखत्यारपत्र न्यायालयात काटेकोर वाचलं जातं. पुढच्या कलमात शब्द मोघम असले तर ते कशासाठी दिले होते, हे या 'ज्याअर्थी'वरून ठरतं. म्हणून 'मडकईच्या जमिनीतला तुकडा विकण्यासाठी' हे इथेच लिहा.

'ट्रू अँड लॉफुल अटर्नी' म्हणजे 'माझा खरा व कायदेशीर मुखत्यार'. अटर्नी म्हणजे इथे वकील नाही. थोरला भाऊ धाकट्याच्या वतीने सही करील, पण काळा कोट घालून बाजू मांडणार नाही.

आता जिथे पैसे आणि जमीन हलते ती कलमं.

आमच्या मसुद्यात होतं: 'टू सेल, मॉर्गेज, गिफ्ट, लीज ऑर अदरवाइज डिस्पोज ऑफ एनी प्रॉपर्टी ओन्ड बाय मी'. मराठीत: 'माझ्या मालकीची कोणतीही मालमत्ता विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे, भाड्याने देणे किंवा अन्य रीतीने तिची विल्हेवाट लावणे.' धाकट्याला आठशे मीटर विकायचे होते. त्याने सही केली असती तर त्याच्या स्वतःच्या फ्लॅटसह सगळंच थोरल्याच्या हातात गेलं असतं, आणि ते फुकट कुणाला देऊन टाकायलाही मोकळीक झाली असती. भाऊ चांगला असेल हो, पण कागद भावाच्या स्वभावावर चालत नाही. आम्ही 'गिफ्ट' आणि 'मॉर्गेज' खोडलं. 'एनी प्रॉपर्टी'च्या जागी 'खालील परिशिष्टात वर्णन केलेली मालमत्ता' घातलं, आणि परिशिष्टात गाव, तालुका, सर्व्हे नंबर, सबडिव्हिजन, क्षेत्रफळ आणि चारही बाजूंच्या सीमा लिहिल्या. किंमतीला तळही घातला: 'अमुक रकमेपेक्षा कमी नाही'.

याच्या उलट चूकही होते, आणि ती जास्त त्रासदायक, कारण ऐनवेळी समजते. काही मसुद्यांत फक्त 'टू निगोशिएट अँड एन्टर इनटू ॲग्रीमेंट फॉर सेल' असतं, म्हणजे 'बोलणी करणे व विक्रीचा करार करणे'. करार ही विक्री नव्हे. त्या शब्दांवर मुखत्याराला करारावर सही करता येते, खरेदीखतावर नाही. गिऱ्हाईक बाकीचे पैसे घेऊन उभं राहतं आणि कागद कमी पडतो. 'टू एक्झिक्यूट डीड ऑफ सेल' हे शब्द वेगळे आणि स्पष्ट हवेत.

'टू रिसीव्ह कन्सिडरेशन अँड गिव्ह व्हॅलिड डिस्चार्ज' म्हणजे 'मोबदला स्वीकारणे आणि त्याची कायदेशीर पावती देणे'. हे कलम असलं की खरेदीदाराने थोरल्याला पैसे दिले म्हणजे धाकट्याला दिले, असंच धरतात. नंतर पैसे भावाने दिले नाहीत, ही तक्रार खरेदीदाराच्या दारात चालत नाही. सोपा उपाय: 'माझ्या नावच्या, अमुक बँकेच्या खात्यातच' एवढी ओळ जोडा.

'टू प्रेझेंट फॉर रजिस्ट्रेशन अँड ॲडमिट एक्झिक्यूशन' म्हणजे 'दस्त नोंदणीसाठी सादर करणे आणि सही केल्याचे कबूल करणे'. इथे नोटरी आणि सब-रजिस्ट्रार यांतला फरक येतो. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे, भारतात राहणाऱ्याने दस्त सादर करायचा अधिकार दुसऱ्याला द्यायचा तर मुखत्यारपत्र त्याच्या राहण्याच्या भागातल्या सब-रजिस्ट्रारसमोर सही करून त्यांच्याकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. नुसता नोटरीचा शिक्का त्याला पुरत नाही. मुखत्याराने स्वतःच खरेदीखतावर सही केली तरी हे प्रमाणित करणं लागतं का, यावर वकिलांत वाद आहेत. त्या वादात तुमचा दस्त अडकू नये म्हणून आम्ही प्रमाणित करूनच घ्या म्हणतो. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर सब-रजिस्ट्रार घरी येऊ शकतात किंवा कमिशन काढतात, म्हणजे आपल्या वतीने कुणाला तरी पाठवतात. आजीला रिक्षात घालून न्यायची गरज नाही.

परदेशात राहणाऱ्याचं वेगळं. त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर सही केली तरी चालतं. दुबईला वकिलात हाच सरळ मार्ग. मात्र तो कागद भारतात पोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरावा लागतो. पाकिटावरची पोचल्याची तारीख जपून ठेवा, मसुद्यावरची नव्हे.

आणखी तीन कलमं आहेत. 'टू अपॉइंट सबस्टिट्यूट' म्हणजे मुखत्याराने आपल्या जागी दुसरा नेमणे. ही ओळ नसेल तर त्याला सहसा ते करता येत नाही, आणि आम्ही ती काढूनच टाकतो. 'टू डू ऑल ॲक्ट्स, डीड्स अँड थिंग्ज' म्हणजे 'सर्व कृती व गोष्टी करणे'. वाचायला भारी, पण वर दिलेल्या कामांना लागणाऱ्या किरकोळ गोष्टींपुरतंच ते चालतं. विक्रीचं कलम नसेल तर या ओळीने विक्री होत नाही. 'आय अॅग्री टू रॅटिफाय' म्हणजे मुखत्याराने केलेलं मी मान्य करीन, असं आधीच कबूल करणं.

आता ज्यामुळे मडकईचा कागद खरोखर अडला ते. धाकट्याने सगळं व्यवस्थित करून पाठवलं. पण त्याची बायको कुठे होती? गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पतीपत्नीची मालमत्ता सामाईक मानतात. वारशाने आलेलीही त्यात येते. बायको सहमालक असते, नुसती संमती देणारी नव्हे. त्यामुळे खरेदीखतावर तिची सही लागते आणि तिनेही मुखत्यारपत्र दिलेलं असावं लागतं. एकाच कागदावर दोघांनी दिलं तरी चालतं. थोरल्याच्या बायकोची सहीही लागणार होतीच, ती घरात असल्यामुळे कुणी विचारलं नव्हतं. पुण्या-मुंबईहून आणलेल्या मसुद्यात ही गोष्ट नसते, कारण तिथल्या टाइपिस्टला ती ठाऊकच नसते. दुबईला परत कागद पाठवावा लागला आणि गिऱ्हाईक तीन आठवडे थांबलं. तेवढं थांबलं हेच नशीब.

स्टॅम्प पेपरबद्दल थोडं. मुखत्यारपत्रावरचा मुद्रांक कामानुसार बदलतो: एका दस्ताची फक्त नोंदणी करायची, एकच व्यवहार करायचा, की सगळ्याच कामांचा अधिकार, यावर. विकायचा अधिकारच मुखत्याराकडून मोबदला घेऊन दिला असेल तर मुद्रांक खरेदीखतासारखाच लागतो. म्हणून 'शंभराचा पेपर घ्या, सगळ्याला चालतो' असं कुणी म्हटलं तर आधी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत विचारा. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी घेऊ नका: मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, त्यासाठी नोंदणी केलेलं खरेदीखतच लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

प्रतिज्ञापत्र याहून साधं असतं. 'सॉलेम्नली अफर्म' म्हणजे 'गांभीर्याने प्रतिज्ञापूर्वक सांगतो'. शेवटच्या परिच्छेदात कोणती कलमं 'माझ्या माहितीप्रमाणे' आणि कोणती 'मिळालेल्या माहितीवरून' खरी, असं वेगळं लिहिलेलं असतं. तो भाग नीट वाचा, कारण खोटं ठरलं तर जबाबदारी तुमची. नोटरी तुमची ओळख आणि सही बघतो, मजकूर खरा आहे असं सांगत नाही.

मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की साधारणपणे ते संपतं. त्यानंतर थोरल्याने केलेली सही चालत नाही. मग वारसांच्या सह्या लागतात. जिवंतपणी रद्द करायचं असेल तर रद्दपत्र करून मुखत्याराला, सब-रजिस्ट्रारला आणि ज्याच्याशी बोलणी चालू आहेत त्याला लेखी कळवा. ज्याला कळलंच नाही त्याच्यापुरतं ते रद्द झालेलं नसतं.

मसुदा आणताना सोबत एक-चौदाचा अलीकडचा उतारा, लग्नाचा दाखला आणि दोघांचीही ओळखपत्रं घेऊन या. सही न केलेलाच आणा.