घरात बाळ येणार आहे आणि मांजरही आहे: टॉक्सोप्लाझ्मोसिस कसा टाळायचा

आमच्याकडून मांजराच्या शीच्या ट्रेत घालायचं लिटर आणि मांजराचं खाणं घेणाऱ्या घरांपैकी एखाद्या घरी गोड बातमी आली की दोन-चार दिवसांत फोन येतो, "मांजर घेणारं कुणी आहे का?" फोनवर बोलणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा रडवेला असतो. घरातल्या मोठ्यांनी किंवा शेजाऱ्यांनी सांगितलेलं असतं की पोटुशी बाईच्या घरात मांजर नको. या सल्ल्यामागे एक खरा आजार आहे. पण तो मांजर घालवून टळत नाही, आणि कधी कधी घालवल्यामुळेच धोका वाढतो. तो कसा, हे नीट कळावं म्हणून हे पत्रक.

शी पडल्यापासून घड्याळ सुरू होतं

आजाराचा जंतू म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा गोंडी. १९०८ साली ट्युनिसमध्ये गोंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात तो सापडला, म्हणून हे नाव. पण मांजराचा त्यात वाटा काय हे समजायला जवळपास साठ वर्षं लागली. हा जंतू शेळी, डुक्कर, कोंबडी, उंदीर, माणूस अशा कितीतरी प्राण्यांच्या शरीरात राहतो. त्याची जोडी मात्र फक्त मांजराच्या आणि त्याच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात जमते. तिथे तयार होणारे सूक्ष्म कोश, म्हणजे ऊसिस्ट, शीतून बाहेर पडतात.

मांजराला लागण होते ती कच्चं मांस किंवा उंदीर-पक्षी खाऊन. खाल्ल्यावर साधारण ३ ते १० दिवसांत कोश बाहेर पडू लागतात आणि एक ते तीन आठवडे पडत राहतात. मग थांबतात. बहुतेक मांजरांच्या आयुष्यात हे एकदाच घडतं, तेही बहुधा लहानपणी, शिकार करायला शिकत असताना. त्या दिवसांत मांजर आजारी दिसेलच असं नाही, त्यामुळे नुसतं बघून ओळखता येत नाही. शी तपासून घेण्याचाही फारसा उपयोग नाही. ते मोजके आठवडे सोडले तर तपासणीत काही सापडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताज्या शीतला कोश लागण करू शकत नाही. हवा, ओल आणि ऊब मिळाल्यावर तो पिकतो, आणि त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज २४ तासांच्या आत साफ झाला तर कोश पिकण्याआधीच घराबाहेर जातो. "रोज साफ करा" असं आम्ही सांगतो ते वासासाठी नाही, या घड्याळासाठी.

मांजराला कुरवाळणं, मांडीवर घेणं, एका खोलीत झोपणं यातून हा आजार होण्याची भीती जवळजवळ नाही. मांजर दिवसभर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं, शी अंगावर दिवसेंदिवस राहत नाही. केस पोटात जाऊन बाळाला त्रास होतो, हे तर साफ खोटं आहे. ओरखड्यातून टॉक्सोप्लाझ्मा येत नाही. पण मांजर चावलं किंवा ओरखडलं तर रेबीजसाठी जखम साबणाच्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे जायचंच. रेबीजची लस गरोदरपणातही घेता येते, त्यासाठी थांबू नये.

मांजर शेतावर पाठवलं, तेव्हा काय झालं

आमच्या एका ग्राहक ताईंची ही हकिगत त्यांच्या परवानगीने सांगतो. तिसऱ्या मजल्यावरचं घर, चार वर्षांची मांजरी. ती कधी दाराबाहेर गेलेली नाही आणि खाणं कोरडं, पाकिटातलं. ताईंना नववा आठवडा असताना रक्ताचा रिपोर्ट आला: टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. घरच्यांना वाटलं, सुटलो. त्यांनी उरलेली काळजीही मिटवून टाकली: मांजरी सासवडजवळ नातेवाइकांच्या शेतावर ठेवली.

आयजीजी आणि आयजीएम म्हणजे लागणीनंतर रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं. इथे दोन गोष्टी उलट्या समजल्या गेल्या. आयजीजी निगेटिव्ह याचा अर्थ ही लागण आधी कधी झालेली नाही, म्हणून शरीराला तिची ओळख नाही. म्हणजे जपायला हवं ते याच बाईने. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह असेल तर लागण बहुधा जुनी असते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती नेहमीसारखी आहे त्यांच्या बाळाला या जुन्या लागणीपासून सहसा धोका नसतो. "पॉझिटिव्ह" शब्द पाहून रडणाऱ्या किती जणींना हे डॉक्टरांना विचारायला आम्ही परत पाठवलं आहे.

दुसरी गोष्ट मांजरीची. चार वर्षं घरात राहून पाकिटातलं खाणाऱ्या मांजरीला लागण होण्याचं कारणच नव्हतं. शेतावर तिने उंदीर धरायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी ताईंना राहवेना आणि मांजरीला घरी आणायचं ठरलं. नेमका हाच काळ तिच्या शीतून कोश पडण्याचा असू शकत होता. निर्धोक मांजरी आपणच धोक्याच्या वाटेवर नेऊन ठेवली होती.

तिला थेट घरी आणू नका, असं आम्ही सांगितलं. शेवटचा उंदीर कधी खाल्ला कुणालाच माहीत नाही, म्हणून तिला शेतावरून उचललं तोच पहिला दिवस धरला. त्यापुढे कोश सुरू होण्याचे जास्तीत जास्त दहा दिवस आणि पडत राहण्याचे तीन आठवडे, म्हणजे साधारण महिना. वर थोडी सूट ठेवून पाच आठवडे. तेवढे दिवस ती ताईंच्या भावाकडे बंद फ्लॅटमध्ये राहिली. तिथे कुणी गरोदर नव्हतं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेलं आजारी माणूसही नव्हतं. ट्रे रोज साफ झाला. मग ती घरी आली.

पण घरात खरा धोका वेगळ्याच जागी बसला होता. ताईंच्या गच्चीवर चौदा कुंड्या होत्या आणि माती त्या उघड्या हाताने कालवत. सोसायटीतला एक बोका रात्री त्याच कुंड्यांत खड्डा करून जात असे. मांजरी गेली, बोका येतच राहिला.

कुंडीतली माती

पिकलेला कोश ओलसर, सावलीतल्या मातीत वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकतो. ट्रेसारखं कुंडीचं घड्याळ आपल्या हातात नसतं. शी कधी पडली, कुठल्या मांजराची, काहीच कळत नाही. शेणखत, कोकोपीट, विकतची काळी माती यांतला फरकही इथे मोठा नाही, कारण उघड्यावर पडलेल्या ढिगाऱ्यात मांजर जातंच.

म्हणून मातीत काम करताना रबरी हातमोजे घालावेत. काम झाल्यावर मोजे काढूनही हात साबणाने धुवावेत, नखांतली माती ब्रशने काढावी, आणि मधेच तोंडाला हात लावू नये किंवा काही खाऊ नये. कुंडीतली माती बदलण्याचं काम दुसऱ्याने केलेलं सर्वात बरं. बोका येत असेल तर कुंडीच्या मातीवर बारीक जाळी किंवा मोठे गोटे पसरा, त्याला उकरता येत नाही. ताईंनी नारळाच्या करवंट्या पालथ्या घातल्या, तेही चाललं. मुलांसाठी वाळूचा ढीग असेल तर रात्री झाका. आणि वापरलेलं लिटर, ते "नैसर्गिक" असलं तरी, कंपोस्टमध्ये किंवा झाडाला घालू नका.

स्वयंपाकघर

२००० साली युरोपातल्या सहा शहरांत गरोदर बायकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात सर्वाधिक लागण अर्धकच्च्या मांसातून आलेली दिसली, काही मातीतून. मांजराचा सहवास हे कारण ठरलं नाही. आपल्याकडे मटण कुकरमध्ये पूर्ण शिजतं, त्यामुळे जेवणाच्या ताटापेक्षा जपायचं ते आधीच्या टप्प्यांना. खिम्याच्या मिश्रणाचं मीठ चाखून बघणं, आत गुलाबी राहिलेला कबाब, कच्चं मटण कापलेल्या विळीवर किंवा पाटावर लगेच काकडी चिरणं. मटण आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की जंतू मरतो. रंग पूर्ण बदलून रस स्वच्छ निघायला हवा.

कोशिंबिरीची काकडी, मुळा, कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मिठाच्या पाण्यात किंवा पोटॅशच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने कोश मरत नाही, चोळण्याने तो निघून जातो. विहिरीचं किंवा टाकीचं न गाळलेलं पाणी उकळूनच प्या, कारण क्लोरीनला कोश दाद देत नाही. २००४-०५ मध्ये कोइंबतूरला डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्मोसिसचे शेकडो रुग्ण आढळले तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच आला होता. शेळीचं दूध तापवल्याशिवाय घेऊ नका. गावी शेळी व्यायला आली असेल किंवा गाभडली असेल तर तिथे मदतीला गरोदर बाईने जाऊ नये, हा जंतू तिथेही असू शकतो.

मांजराच्या ताटाचंही तसंच. चिकनच्या दुकानातून मिळणारे पाय, कलेजी, आतडी कच्ची देण्याची पद्धत आम्हाला सगळ्यात जास्त खटकते. स्वस्त पडतं हे खरं, पण निदान हे नऊ महिने तरी उकडूनच द्या. फ्रीजरमध्ये ठेवून भागेल असं धरू नका. वीज जाते, आणि घरच्या फ्रीजरचं तापमान खाली-वर होतं.

ट्रेचं काम कसं करावं

शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाने रोज ठरलेल्या वेळी करावं. ओल्या लिटरचे गोळे आणि शी स्कूपने काढून पिशवीत बांधा आणि लगेच कचऱ्यात द्या, शौचालयात ओतू नका. आठवड्यातून एकदा सगळं लिटर बदला आणि रिकाम्या ट्रेत उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं राहू द्या. फिनाईल आणि ब्लीचने कोश मरत नाही, उकळत्या पाण्याने मरतो. घरात दुसरं कुणीच नसेल तर गरोदर बाईनेही हे करता येतं: वापरून टाकायचे हातमोजे, न झटकता काढणं, मग साबणाने हात. ट्रे स्वयंपाकघरापासून लांब असावा.

गावाला गेलात आणि ट्रे तीन दिवस तसाच राहिला तर परतल्यावर तो दुसऱ्यालाच साफ करू द्या. कोरडं लिटर आधी हलकं ओलं करावं, धूळ उडत नाही. या काळात नवीन पिल्लू किंवा रस्त्यावरचं मांजर घरात आणू नका, आपलं मांजर बाहेर सोडू नका आणि बाल्कनीला जाळी लावा. कुत्र्याच्या शीतून हा जंतू पसरत नाही. कुत्रा मातीत लोळून आला असेल तर पाय पुसून घ्या, एवढंच.

आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी घाबरून जाऊ नका. ते लागणीनंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही रक्तात दिसत राहतं. अशा वेळी डॉक्टर आयजीजी अ‍ॅव्हिडिटी, म्हणजे ही प्रतिपिंडं जंतूला किती घट्ट चिकटतात ते, तपासतात. ती जास्त असेल तर लागण निदान चार महिने जुनी आहे असं समजतं. गरोदरपणात नव्याने लागण झाल्याचं ठरलं तर औषधं आहेत, आणि उशीर न करता स्त्रीरोगतज्ज्ञांनीच ती ठरवायची असतात. सुरुवातीच्या महिन्यांत लागण बाळापर्यंत कमी वेळा पोचते, पण पोचली तर जास्त गंभीर असते. म्हणून पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सांगा की घरी मांजर आहे आणि तुम्ही मातीत काम करता.

ऑर्डर देताना घरात गरोदर कुणी आहे एवढं कळवलंत तर आमचा माणूस लिटरची पिशवी वर आणून ट्रेत भरून देईल आणि जुनं लिटर बांधून घेऊन जाईल. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.