क्रियाविशेषण (मराठी व्याकरण)

क्रिया केव्हा, कुठे, कशी किंवा किती घडली हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. विशेषण नामाला चिकटते, क्रियाविशेषण क्रियापदाला. व्याख्या एवढी सोपी आहे. अडचण ही की मराठीत पुष्कळ शब्द दोन्ही कामे करतात.

काळ आणि स्थळ सांगणारी क्रियाविशेषणे सहसा चकवत नाहीत. ‘आज’, ‘काल’, ‘नेहमी’, ‘वारंवार’ ही कालवाचक. ‘इथे’, ‘आत’, ‘वर’, ‘मागून’ ही स्थलवाचक. त्यातले ‘वर’ स्थितीही दाखवते (‘मांजर वर बसले’) आणि गतीही (‘मांजर वर गेले’). कोणती ते क्रियापद ठरवते. ‘परवा’चेही तसेच: ‘परवा आला’ म्हणजे कालच्या आदल्या दिवशी, ‘परवा येईल’ म्हणजे उद्याच्या दुसऱ्या दिवशी. या शब्दांना नामाचे विशेषण व्हायचे असेल तर बहुधा ‘चा’ किंवा ‘ला’ लावून घ्यावा लागतो. काल आणलेली भाजी ‘कालची भाजी’ होते, ‘काल भाजी’ होत नाही. तसेच ‘वरचा मजला’, ‘आतली खोली’, ‘इथला माणूस’. वेश बदलल्यामुळे ओळख पटकन पटते.

घोळ होतो तो रीतिवाचक आणि परिमाणवाचक शब्दांत. ‘झटकन’, ‘मुकाट्याने’, ‘गटागटा’ यांच्याबद्दल शंका येत नाही. पण ‘सुंदर’ घ्या. ‘ती सुंदर गाणे गाते’ यात गाणे सुंदर आहे, म्हणून ते विशेषण. ‘ती गाणे सुंदर गाते’ यात गाण्याची रीत सुंदर आहे. गाणे सुमार असले तरी वाक्य खरे ठरू शकते. शब्द तोच, रूप तेच, फक्त जागा बदलली.

शाळेत एक खूण शिकवतात: विशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलते, क्रियाविशेषण अव्यय असल्याने बदलत नाही. ही खूण दोन्हीकडून फसते. ‘सुंदर’, ‘लाल’, ‘कडू’ ही विशेषणे असूनही बदलत नाहीत. उलट ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ यात ‘चांगला’ गाण्याची रीत सांगतो, तरी बदलतो. म्हणूनच काही व्याकरणकार असल्या विकारी शब्दाला नुसते क्रियाविशेषण म्हणतात आणि ‘क्रियाविशेषण अव्यय’ हे नाव न बदलणाऱ्या शब्दांपुरते राखतात. परीक्षेच्या पुस्तकांत ही दोन नावे सर्रास एकच समजून वापरलेली दिसतात; मग ‘चांगली’चे उत्तर प्रत्येक पुस्तकात वेगळे निघते.

हा बदल कशाच्या मागे जातो ते पाहिले तर बरेच उलगडते. ‘ती चांगली गाते’ या कर्तरी प्रयोगात शब्द कर्त्याप्रमाणे बदलला. ‘तिने धडा चांगला वाचला’, ‘तिने कविता चांगली वाचली’ या कर्मणीत तो कर्माप्रमाणे बदलला. ‘तिने मुलाला चांगले ओळखले’ या भावे प्रयोगात तो क्रियापदासारखाच नपुंसकलिंगी एकवचनी राहिला. म्हणजे ‘चांगला’ क्रियापदाची पाठ सोडत नाही. नामाआधीचे विशेषण मात्र नामाच्या सामान्यरूपाशी जुळते: ‘चांगल्या मुलीने धडा वाचला’. इथे कर्म बदला, ‘चांगल्या’ हलत नाही.

तरी एक फट उरते. ‘त्याने कैरी कच्ची खाल्ली’ यातली ‘कच्ची’सुद्धा क्रियापदाप्रमाणेच बदललेली दिसते, पण कच्ची होती ती कैरी, खाणे नव्हे. इथे ‘रीतीने’ किंवा ‘-पणे’ लावून पाहावे. ‘चांगल्या रीतीने वाचली’ चालते, ‘कच्च्या रीतीने खाल्ली’ चालत नाही. म्हणून ‘कच्ची’ हे कैरीचे विशेषण. ‘चहा गरम प्यावा’, ‘ती उपाशी झोपली’, ‘तो एकटा आला’ ही वाक्येही याच कसोटीने विशेषणाकडे जातात. ‘मुले शांत बसली’ मात्र काठावरचे आहे. ‘शांतपणे बसली’ असेही म्हणता येते आणि शांत होती ती मुलेच. अशा वाक्यात एकच उत्तर मागणारा प्रश्न मुळात नीट काढलेला नसतो.

परिमाणात ‘खूप’, ‘फार’, ‘थोडा’ यांची गंमत वेगळी. ‘खूप माणसे आली’ यात माणसे मोजली, म्हणून विशेषण. ‘तो खूप पळाला’ यात पळणे मोजले, म्हणून क्रियाविशेषण. ‘खूप मोठा वाडा’ यात ‘खूप’ वाड्याला नव्हे तर ‘मोठा’ला वाढवतो. ‘मोठा’ काढून ‘खूप वाडा’ म्हणून पाहा, वाक्य मोडते. नाव क्रियाविशेषण असले तरी विशेषणाला तोलणाऱ्या अशा शब्दालाही बहुधा याच वर्गात बसवतात. ‘थोडा’ दोन्ही कामांत बदलतो: ‘थोड्या दुधात साखर घाल’ आणि ‘ती थोडी लाजली’. बोलताना मात्र मुलगा असो की मुलगी, ‘थोडं थांब’ म्हणून पुष्कळजण मोकळे होतात.