तिसरा फंड घेतल्यावर जोखीम वाढते की घटते? नऊ चौकटींचा हिशोब

माझ्या मामेभावाकडे दोन म्युच्युअल फंड होते, एक निफ्टीचा इंडेक्स फंड आणि एक मिडकॅप. मध्यंतरी त्याने तिसरा घेतला, स्मॉलकॅपचा. "आता जोखीम तीन ठिकाणी वाटली गेली," असं तो अगदी निर्धास्तपणे म्हणाला. हा समज इतक्या लोकांच्या मनात पक्का बसलेला आहे की एकदा आकडे मांडूनच तो तपासायला हवा. फंड किती आहेत यावर जोखीम ठरत नाही. ते फंड एकमेकांबरोबर कसे हलतात, यावर ती ठरते.

जोखीम, म्हणजे परतावा आपल्या सरासरीपासून किती दूर जातो हे, मोजायचं तर प्रत्येक वेळचा फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची सरासरी घ्यायची. हा झाला व्हेरियन्स. त्याचं वर्गमूळ म्हणजे शाळेत शिकलेलं प्रमाण विचलन. आता एकाच फंडाच्या फरकाचा वर्ग करण्याऐवजी दोन फंडांचे त्याच महिन्यातले फरक एकमेकांशी गुणा आणि त्या गुणाकारांची सरासरी घ्या. हा झाला कोव्हेरियन्स. दोघं एकाच वेळी वर जात असतील आणि एकाच वेळी खाली येत असतील तर तो मोठा आणि धन येतो. एक वर असताना दुसरा खाली असेल तर ऋण येतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर शून्याच्या आसपास राहतो.

आता उदाहरण. आकडे मी हिशोब सोपा व्हावा म्हणून गोल घेतले आहेत. इंडेक्स फंडाचं वार्षिक प्रमाण विचलन १६ टक्के, मिडकॅपचं २० टक्के आणि दोघांमधला सहसंबंध, म्हणजे दोघं किती जुळवून हलतात ते उणे एक ते एक या पट्टीवर सांगणारा आकडा, ०.९. तिसरी मालमत्ता स्मॉलकॅप नाही, सोनं धरू. त्याचं विचलन मुद्दाम मिडकॅपइतकंच चढं, म्हणजे २० टक्के ठेवलं आहे, आणि शेअरच्या दोन्ही फंडांशी त्याचा सहसंबंध फक्त ०.०५ मानला आहे. सहसंबंधाला दोन्ही विचलनांनी गुणलं की कोव्हेरियन्स मिळतो, उदाहरणार्थ ०.९ × १६ × २० = २८८. सगळं एका चौकोनात मांडलं की कोव्हेरियन्स मॅट्रिक्स तयार होतो:

```
            इंडेक्स   मिडकॅप   सोनं
इंडेक्स       २५६      २८८     १६
मिडकॅप       २८८      ४००     २०
सोनं          १६       २०    ४००
```

कर्णावर प्रत्येकाचा स्वतःचा व्हेरियन्स आहे, बाकी ठिकाणी जोड्यांचे कोव्हेरियन्स. एकूण जोखीम काढायची रीत एका वाक्यात सांगता येते: प्रत्येक चौकटीतला आकडा त्या ओळीच्या आणि त्या स्तंभाच्या वाट्याने गुणा आणि नऊही उत्तरांची बेरीज करा, की एकूण व्हेरियन्स मिळतो.

आधी सोनं बाजूला ठेवू. दोन फंडांत निम्मे-निम्मे पैसे असतील तर चारच चौकटी उरतात आणि प्रत्येकीला ०.५ × ०.५ ने गुणायचं आहे: ६४ + ७२ + ७२ + १०० = ३०८. वर्गमूळ साधारण १७.५५ टक्के. दोघांच्या विचलनांची सरासरी १८ होती, म्हणजे दोन फंड घेऊन अर्ध्या टक्क्याहूनही कमी फायदा झाला. सहसंबंध ०.९ असल्यावर दुसरं काय होणार!

आता पैशांचा पाचवा हिस्सा सोन्यात टाकू. वाटे झाले ४०, ४० आणि २० टक्के. इथे जे घडतं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. जुन्या दोन्ही फंडांचा वाटा ०.८ पट झाला. पण प्रत्येक चौकटीत दोन वाट्यांचा गुणाकार असतो, म्हणून जुन्या चार चौकटींची बेरीज ०.८ नव्हे, ०.६४ पट होते. ३०८ वरून ती थेट १९७.१२ वर येते. पैसे वीस टक्क्यांनी काढले, व्हेरियन्स छत्तीस टक्क्यांनी गेला.

त्या बदल्यात पाच नव्या चौकटी आल्या. त्यातली एक सोन्याची स्वतःची: ०.०४ × ४०० = १६. सोनं एकटं भरपूर हलतं, पण त्याचा छोटा वाटा स्वतःशीच गुणला गेला आणि तो चारशेचा आकडा सोळावर आला. उरलेल्या चार चौकटी सोन्याच्या जुन्या फंडांशी असलेल्या नात्याच्या. त्या चारही मिळून अवघ्या ५.७६. एकूण २१८.८८, वर्गमूळ १४.७९ टक्के. म्हणजे आधीच्या पोर्टफोलिओपेक्षा जास्त हलणारी गोष्ट त्यात घातली आणि पोर्टफोलिओ कमी हलू लागला.

आता सोन्याच्या जागी मामेभावाचा स्मॉलकॅप ठेवा. विचलन २६, इंडेक्सशी सहसंबंध ०.८, मिडकॅपशी ०.९ धरू. जुन्या चार चौकटी तेवढ्याच आकसतात, १९७.१२ वर. स्वतःची चौकट येते २७.०४. पण नात्याच्या चार चौकटी ५.७६ ऐवजी तब्बल १२८.१३ भरतात. एकूण ३५२.२९, म्हणजे १८.७७ टक्के. फंड दोनाचे तीन झाले आणि जोखीम वाढली.

यातून एक कसोटी निघते. नव्या मालमत्तेचा जुन्या पोर्टफोलिओशी कोव्हेरियन्स काढा. निम्म्या-निम्म्या वाट्यामुळे ती साधी सरासरी आहे: सोन्यासाठी १६ आणि २० ची, म्हणजे १८, स्मॉलकॅपसाठी ३३२.८ आणि ४६८ ची, म्हणजे ४००.४. हा आकडा जुन्या व्हेरियन्सपेक्षा, इथे ३०८ पेक्षा, लहान असेल तर नव्या मालमत्तेचा थोडा वाटा जोखीम कमी करतो, मोठा असेल तर वाढवतो. 'थोडा' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या आकड्यांत सोन्याचा वाटा साधारण ४३ टक्के होईपर्यंत जोखीम १३.५ पर्यंत उतरते. त्यापुढे सोन्याची स्वतःची चौकट फुगू लागते आणि जोखीम पुन्हा चढते.

हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली हा हिशोब मांडला आणि १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे मात्र सोन्याचं बळ अजून अक्षय्य तृतीया आणि गुरुपुष्यामृताला जोडलं जातं, 'सोनं कधी पडत नाही' असं सांगितलं जातं. आंतरराष्ट्रीय बाजारात २०१३ या एका वर्षात सोनं पाव हिश्श्याहून जास्त उतरलं होतं. पोर्टफोलिओत त्याचा उपयोग होतो तो १६ आणि २० या दोन लहान आकड्यांमुळे. मुहूर्त त्या मॅट्रिक्सच्या कुठल्याही चौकटीत नाही.

स्वतः करून पाहायचं असेल तर मॅट्रिक्स `B2:D4` मध्ये आणि वाटे `F2:F4` मध्ये लिहून एक्सेलमध्ये हे सूत्र टाका:

```
=MMULT(MMULT(TRANSPOSE(F2:F4),B2:D4),F2:F4)
```

जुन्या आवृत्तीत एंटरऐवजी `Ctrl+Shift+Enter` दाबावं लागतं. कोव्हेरियन्स काढायला `COVARIANCE.S` वापरा, पण तो मासिक परताव्यांवर, भावांवर किंवा एनएव्हीवर नाही. ही चूक फार होते. दहा वर्षांत शेअरही चढले आणि सोनंही चढलं, त्यामुळे भावांवर हिशोब केला की दोघं जुळी भावंडं वाटतात. सोनं आणि शेअर यांचा सहसंबंध ०.८ च्या पुढे आला तर आधी हीच शंका घ्या. मासिक आकड्यांवरून आलेला व्हेरियन्स वार्षिक करायला ढोबळमानाने बाराने गुणायचं.

मोठी मर्यादा अशी की मॅट्रिक्स गेलेल्या काळाचा असतो आणि संकटात तो बदलतो. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला. त्याच महिन्यात, रोख रकमेसाठी लोक हाती लागेल ते विकत असताना, काही दिवस जागतिक बाजारात सोनंही घसरलं. अशा वेळी सोन्याचा सहसंबंध ०.०५ वरून ०.५ वर गेला असं धरून तोच हिशोब पुन्हा करा. नात्याच्या चार चौकटी ५.७६ वरून ५७.६ होतात, एकूण व्हेरियन्स २७०.७२ आणि विचलन १६.४५ टक्के. हा आकडा १४.७९ पेक्षा बराच वर आहे, पण सोन्याशिवायच्या १७.५५ पेक्षा अजूनही खाली आहे. अर्थात यात तिघांची स्वतःची विचलनं तेवढीच राहिली असं धरलं आहे, आणि खऱ्या घसरणीत कर्णावरचे आकडेही फुगतात.