पाळीच्या वेळा चोवीस ताशी रूपात आणणे

हजेरीच्या किंवा पाळ्यांच्या शीटमध्ये `3.30 pm`, `12.00 am` अशा लिहिलेल्या वेळा `15:30`, `00:00` या रूपात बदलण्याचे काम. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीसारख्या भागातल्या कारखान्यांत, जिथे पाळी मध्यरात्र ओलांडते, तिथे हे काम हमखास निघते. नुसता फॉरमॅट बदलून ते बहुधा होत नाही, आणि याचे कारण टिंबात आहे.

मराठीत आणि गुजरातीत आपण वेळ लिहिताना तास आणि मिनिटांमध्ये टिंब देतो : दुपारी ३.३०. एक्सेलला मात्र तिथे विसर्गासारखी दोन टिंबे लागतात. `3:30 pm` त्याला वेळ म्हणून कळते. ती तो दिवसाचा अंश म्हणून साठवतो, म्हणजे सकाळचे सहा ०.२५ आणि दुपारचे बारा ०.५. `3.30 pm` हा त्याच्या लेखी निव्वळ मजकूर असतो. मजकुराला कोणताही फॉरमॅट लावला तरी तो जसाच्या तसा राहतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : हाताने काही बदलले नसेल, तर मजकूर चौकटीत डावीकडे चिकटतो आणि खरी वेळ उजवीकडे.

याहून घातक प्रकार म्हणजे कोणी pm न लिहिता नुसते `3.30` टाकणे. ती दशांश संख्या ठरते. तिला `hh:mm` लावले की `07:12` दिसते, कारण ०.३ दिवस म्हणजे सात तास बारा मिनिटे. `7.30` लिहिले तरी तेच `07:12`. साडेसातच्या पाळीला सात-बारा दिसले तर तपासणाऱ्याची नजर सहज निसटते. म्हणून शीटमध्ये `07:12` किंवा अकारण `00:00` रांगेने दिसू लागले, तर आधी मूळ चौकटी पाहाव्यात. तिथे सकाळ की संध्याकाळ हे लिहिलेलेच नसते. सूत्र ते शोधून काढू शकत नाही, सुपरवायझरलाच विचारावे लागते.

अशा चौकटी हाताने दुरुस्त केल्यावर, `p.m.` आणि `a.m.` मधली टिंबे शोधा-बदला वापरून काढून टाकावीत. मग मूळ रकान्याला हात न लावता शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र द्यावे :

```
=IF(ISNUMBER(B2),B2,TIMEVALUE(TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(LOWER(B2),".",":"),"am"," am"),"pm"," pm"))))
```

टिंबाच्या जागी `:` येते. `3.30pm` असे चिकटून लिहिलेले असेल, तर pm आधी जागा सोडली जाते, कारण एक्सेलला ती जागा लागतेच. जास्तीच्या जागा `TRIM` काढतो. उत्तराच्या रकान्याला `hh:mm` फॉरमॅट द्यावा. जिथे `#VALUE!` येईल तिथे मूळ नोंदीत काही वेगळे आहे, बहुतेक वेळा दुसरीकडून चिकटवताना आलेली न दिसणारी जागा. ती पुसून नोंद पुन्हा टाइप करावी. सगळे जुळले की उत्तरे फक्त मूल्ये म्हणून चिकटवावीत.

हाताने बदलणारे सर्वाधिक चुकतात ते बाराच्या तासात. «pm असेल तर बारा मिळवा» हा नियम एकपासून अकरापर्यंतच चालतो. दुपारचे साडेबारा `12:30` च राहतात, आणि रात्रीचे साडेबारा, म्हणजे `12.30 am`, `00:30` होतात. मराठीत दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांत कधी घोटाळा होत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा त्याच शब्दांत विचारून घेणे बरे.

समजा दुसरी पाळी `3.30 pm` ते `12.00 am` आहे. बदलल्यावर `15:30` आणि `00:00` मिळतात. सुटण्याच्या वेळेतून सुरुवात वजा केली की उत्तर ऋण येते आणि एक्सेल नुसते `#####` दाखवतो. बदल चुकलेला नसतो, मध्यरात्रीनंतर तारीख पुढे गेलेली असते. सुरुवात D रकान्यात आणि शेवट E मध्ये असेल, तर :

```
=MOD(E2-D2,1)
```

उत्तर `08:30`. सलग चोवीस तासांच्या ड्युटीला मात्र हे सूत्र शून्य दाखवते. तिथे वेळेबरोबर तारीखही लिहावी लागते. सहा दिवसांची बेरीज ५१ तास होते, पण `hh:mm` मध्ये ती `03:00` दिसते, कारण पुरे झालेले दोन दिवस गळतात. बेरजेच्या चौकटीला `[h]:mm` द्यावा.

राहिला प्रश्न तारखेचा. मध्यरात्रीनंतरचे तास कोणत्या दिवशी धरायचे? १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ५७व्या कलमाने असे तास आदल्या दिवसात मोजायला सांगितले. त्यामुळे सोमवारी `23:00` ला सुरू होऊन मंगळवारी `07:00` ला सुटणारी रात्रपाळी एकाच ओळीत, सोमवारच्या तारखेला लिहावी. तिचे तुकडे करून एक तास सोमवारी आणि सात तास मंगळवारी मांडले, तर माणूस मंगळवारी रात्री पुन्हा आल्यावर त्याच्या नावावर एका तारखेला दोन हजेऱ्या दिसतात.