एकाच ई-च्या दोन जागा

व्हायोलिनच्या डी तारेवर पहिलं बोट ठेवून ई हा स्वर काढा आणि सोबत शेजारची मोकळी ए तार छेडा. दोन्ही स्वर छान जुळेपर्यंत बोट सरकवत राहा. आता बोट तिथंच ठेवून ए-ऐवजी पलीकडच्या मोकळ्या जी तारेवर गज ओढा. तोच ई आता चढा लागतो, कानाला टोचतो. बोट सुमारे साडेतीन मिलिमीटर मागं घेतलं की पुन्हा शांतता. व्हायोलिन शिकणाऱ्यांना हा प्रयोग पूर्वीपासून करायला लावतात. ए 440 हर्ट्झला लावला असेल, तर पहिला ई 330 चा आणि दुसरा जवळपास 326 चा. दोन्ही बरोबरच आहेत.

पियानोवर मात्र ई एकच, 329.63 हर्ट्झचा. तिथं सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. यालाच इक्वल टेम्परामेंट म्हणतात. सोय अशी की कुठल्याही पट्टीत वाजवलं तरी सगळं सारखंच वाटतं. मात्र या वाटणीत पंचम जवळजवळ अचूक राहतो आणि गंधाराला मोठी किंमत मोजावी लागते. निसर्गाच्या हिशेबात षड्ज आणि शुद्ध गंधार यांचं नातं 4:5 असतं. पियानोचा गंधार त्याहून अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा चढा असतो. साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात स्वर लावण्याच्या पद्धतीचं नाव जस्ट इंटोनेशन. आपल्याकडे ज्यांनी नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार उमटताना ऐकला आहे, त्यांना हा फरक कागदावर समजावून सांगावा लागत नाही. हार्मोनियमबद्दलची नाराजीही याच फरकापायी.

आता दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशी चौकडी घ्या. व्हिओलाची मोकळी सी तार 130.4 हर्ट्झची. सी-ला षड्ज मानलं, तर ई हा त्याचा गंधार. कुठलीही तार मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेचे बारीक उपस्वरही देते. या सी-चा पाचपट उपस्वर 652 च्या आसपास येतो. त्यावर व्हायोलिननं 326 चा ई धरला, तर त्याचा दुप्पट उपस्वरही 652. दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. 330 चा ई धरला, तर उपस्वर 660. म्हणजे 652 आणि 660 यांची टक्कर होऊन सेकंदाला आठ वेळा आवाज कमी-जास्त होतो. भौतिकशास्त्रात यांना विस्पंद म्हणतात. कानाला ती थरथर वाटते, आणि ती थांबली की जे उरतं त्याला आपण गोड म्हणतो.

हीच थरथर पियानोतही असते, सेकंदाला पाचेक वेळा. तरी ती तितकी खुपत नाही, कारण हातोडीनं वाजलेला स्वर लगेच विरायला लागतो. शिवाय पियानोच्या जाड, ताठ तारांचे उपस्वर अचूक पटीत नसतात, किंचित चढे असतात. गजानं ओढलेल्या तारेचं तसं नाही. गज तारेला प्रत्येक आवर्तनात एकदा पकडतो आणि सोडतो, त्यामुळे सगळे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत बांधले जातात. शिवाय हवा तितका वेळ स्वर धरता येतो. म्हणून चूकही स्वच्छ ऐकू येते आणि अचूकपणाही.

याहून गमतीची गोष्ट 18व्या शतकात इटालियन व्हायोलिनवादक तार्तिनी याच्या कानानं टिपली होती. दोन स्वर एकत्र जोरात वाजले की कधी कधी त्यांच्या वजाबाकीचा तिसरा, खालचा स्वर ऐकू येतो. दोन व्हायोलिननी 260.7 चा सी आणि 325.9 चा ई धरला, तर वजाबाकी 65.2. ही नेमकी चेलोच्या मोकळ्या सी तारेची वारंवारता! पियानोच्या हिशेबानं, म्हणजे 261.6 आणि 329.6, वाजवलं तर वजाबाकी 68. तो स्वर पियानोच्या खालच्या सी-पेक्षा अर्ध्या स्वराच्या दोन-तृतीयांश इतका चढा येतो. वरच्या दोन स्वरांतली लहानशी चूक तळाशी अशी फुगते.

मग कायम शुद्ध गंधारच का लावत नाहीत? कारण हिशेब मिटत नाही. सी, ए मायनर, डी मायनर, जी आणि परत सी असे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, एकापाठोपाठ घ्या. सामायिक स्वर जागचा न हलवता प्रत्येक कॉर्ड शुद्ध लावत गेलं, की शेवटचा सी पहिल्यापेक्षा अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक उतरलेला निघतो. चार फेऱ्यांत जवळजवळ अर्धा स्वर घसरतो. म्हणून वादक तो फरक कुठंतरी पचवतात, बहुतेकदा मधल्या एखाद्या वाद्याच्या हलत्या ओळीत, जिथं कुणाचं लक्ष नसतं. मोकळी ई तार तर 660 लाच अडकलेली, त्यामुळे सी मेजरच्या लांब कॉर्डमध्ये ती टाळून ए तारेवर बोटानं ई काढणं बरं. काही चौकड्या चेलो आणि व्हिओलाच्या सी तारा लावतानाच केसभर चढ्या ठेवतात. पंचम जरासा आवळला जातो, पण ही दरी कमी होते.

जलद गतीत किंवा भरपूर व्हायब्रेटो, म्हणजे बोट हलवून स्वराला दिलेला कंप, असेल तेव्हा यातलं फारसं काही कळत नाही. मेलडीत वर चढणारा निषाद तर बरेच वादक मुद्दाम चढाच घेतात, तिथं शुद्ध गंधाराचा नियम लावला तर सूर मरगळलेला वाटतो. खरा फरक ऐकायचा तर संथ भागातला, व्हायब्रेटोशिवाय धरलेला शेवटचा कॉर्ड ऐकावा. त्यातही आधी चेलो आणि मग गंधार धरणारा वादक ऐकावा. बऱ्याचदा त्याचं बोट पहिल्या क्षणात हलकेच मागं सरकताना दिसतं.